बायोडेटा जाहिरातीला जुळतो का? सहावी ते आठवीच्या गणित-विज्ञान शिक्षकाच्या अर्जाची छाननी

शाळेत शिक्षकाची एक जागा निघते, जाहिरात लागते आणि आठवड्याभरात टेबलावर चाळीस-पन्नास बायोडेटा येऊन पडतात. महाराष्ट्रातल्या अनुदानित शाळांची भरती बहुतांशी शासनाच्या पवित्र पोर्टलवरून होते. त्यामुळे कागद हातात घेऊन छाननी करण्याची वेळ मुख्यतः विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांवर येते. हे काम बहुधा नवा लिपिक, नवे पर्यवेक्षक किंवा संस्थेच्या शाळा समितीतला एखादा सदस्य करतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. अर्ज करणाऱ्या उमेदवारालाही तो उलट्या बाजूने वाचता येईल.

सगळ्या पदांबद्दल थोडे थोडे सांगण्यापेक्षा एकच पद घेऊ, कारण सर्वाधिक घोळ त्यातच होतात. समजा जाहिरात अशी आहे:

"मराठी माध्यम. इ. ६ वी ते ८ वी, विषय गणित-विज्ञान, पद १. पात्रता: बी.एस्सी. किमान ५० टक्के, बी.एड., टीईटी पेपर २ (गणित-विज्ञान) उत्तीर्ण. याच गटातील सीटीईटी चालेल. शाळेतील अध्यापनाचा अनुभव असल्यास प्राधान्य."

यातली टीईटी म्हणजे राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा आणि सीटीईटी म्हणजे तशीच केंद्राची परीक्षा.

पहिले काम: जाहिरातीचे तुकडे करा

बायोडेटा उघडण्याआधी जाहिरात एका कोऱ्या कागदावर उतरवून घ्या. प्रत्येक अट स्वतंत्र ओळीत लिहा: इयत्तांचा गट, माध्यम, पदवी, पदवीचे टक्के, व्यावसायिक पदवी, टीईटीचा पेपर, टीईटीचा विषयगट, अनुभव. प्रत्येक ओळीपुढे ती अट सक्तीची आहे की प्राधान्याची, हे लिहा. वरच्या जाहिरातीत अनुभव सोडून सगळे सक्तीचे आहे. ही खूण आधी केली नाही तर दहा वर्षे अनुभवाचा बायोडेटा समोर आला की मन त्याच्याकडे झुकते आणि टीईटीची ओळ रिकामी असल्याचे लक्षातच येत नाही.

यातल्या बऱ्याच अटी शाळेच्या मर्जीच्या नाहीत, हेही माहीत असावे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २३ नुसार पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई ठरवते. २३ ऑगस्ट २०१० ची अधिसूचना आणि २९ जुलै २०११ ची तिची दुरुस्ती हा या पात्रतेचा पाया आहे. सहावी ते आठवीसाठी त्यात अनेक वाटा आहेत. पदवी आणि डी.एल.एड. ही अध्यापनाची पदविका, किमान ५० टक्क्यांची पदवी आणि बी.एड., किंवा बारावीनंतरचा चार वर्षांचा बी.एस्सी.बी.एड.सारखा एकात्मिक अभ्यासक्रम. वाट कोणतीही असली तरी टीईटी लागतेच. राखीव प्रवर्गांना पात्रतेच्या गुणांत पाच टक्क्यांपर्यंत सवलत आहे.

आपल्या जाहिरातीने यातली एकच वाट निवडली आहे. शाळा किमान पात्रतेपेक्षा जास्त मागू शकते, पण कमी मागून चालत नाही. "टीईटी नसली तरी बघू, नंतर देतील" असे कोणी बैठकीत सुचवले तर ते बघणे शाळेच्या हातात नाही.

विषय तीन ठिकाणी बघायचा

छाननीतली सर्वात मोठी चूक इथे होते. बायोडेट्यात बहुतेक वेळा "विषय: विज्ञान" किंवा "विषय: गणित-विज्ञान" एवढीच ओळ असते. प्रत्यक्षात उमेदवाराचा विषय तीन वेगवेगळ्या कागदांवर नोंदलेला असतो आणि हे तीन विषय एकच असतील असे नाही.

पहिला कागद पदवीचा. आपल्याकडच्या पारंपरिक तीन वर्षांच्या बी.एस्सी.ला पहिल्या वर्षी तीन-चार विषय असतात आणि शेवटच्या वर्षी साधारण एक मुख्य विषय उरतो. प्रमाणपत्रावर "वनस्पतिशास्त्र" लिहिलेले असेल तर त्या उमेदवाराने कॉलेजात गणित घेतले होते की नाही, हे शेवटच्या गुणपत्रकावरून कळत नाही. त्यासाठी प्रथम वर्षाचे गुणपत्रक मागवावे लागते. आठवीला बीजगणित शिकवायचे आहे, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. पण जाहिरातीत फक्त "बी.एस्सी." लिहिले असेल तर गणित नसल्याच्या कारणाने अर्ज बाद करता येत नाही. ती बाब नोंदवायची आणि मुलाखतीतल्या नमुना पाठाच्या वेळी तपासायची. गणित हवेच असेल तर पुढच्या वेळी जाहिरातीत तसे लिहावे.

दुसरा कागद बी.एड.चा. बी.एड.ला प्रत्येकाच्या अध्यापन पद्धती ठरलेल्या असतात. बोलताना सगळे त्यांना मेथड म्हणतात. बी.एस्सी. झालेल्या उमेदवाराची मेथड विज्ञान आणि गणित असेल असे आपण गृहीत धरतो, पण विज्ञान आणि मराठी, किंवा विज्ञान आणि इंग्रजी अशी जोडी सर्रास आढळते. मेथड बी.एड.च्या गुणपत्रकावर असते, बायोडेट्यात क्वचितच.

तिसरा कागद टीईटीचा, आणि तिथे नजर सर्वात जास्त फसते. पेपर १ हा पहिली ते पाचवीसाठी, पेपर २ हा सहावी ते आठवीसाठी. पेपर २ एकूण १५० गुणांचा असतो. त्यात बालमानसशास्त्र आणि दोन भाषा यांना प्रत्येकी ३० गुण आणि उरलेले ६० गुण विषयगटाचे. हा गट एक तर गणित-विज्ञान असतो, नाही तर सामाजिक शास्त्र. म्हणजे "टीईटी पेपर २ उत्तीर्ण" हे वाक्य खरे असूनही उमेदवार आपल्या पदाला न जुळणारा असू शकतो. बायोडेट्यात नुसते "टीईटी उत्तीर्ण" असेल तर त्याला "हो" म्हणू नका. तिथे "विचारा" लिहा.

टक्क्यांचे गणित

५० टक्क्यांची अट या वाटेत पदवीला आहे. बारावीचे, एम.एस्सी.चे किंवा बी.एड.चे टक्के तिथे भरायचे नसतात. बायोडेट्यात मात्र उमेदवार आपले चांगले आकडे पुढे ठेवतो, आणि त्यात गैर काही नाही. बी.एड.ला ७१ टक्के ठळक अक्षरात असतात आणि पदवीपुढे नुसते "द्वितीय वर्ग" असते. अशा वेळी पदवीची सगळी गुणपत्रके मागवून बेरीज स्वतः करा. काही विद्यापीठांत वर्ग शेवटच्या वर्षाच्या किंवा शेवटच्या दोन वर्षांच्या गुणांवर ठरत असे. त्यामुळे वर्ग आणि एकूण टक्के यांत तफावत दिसली तर लगेच खोटेपणाचा शिक्का मारू नका.

श्रेणी पद्धतीच्या गुणपत्रकात आणखी एक अडचण असते. ५.८ श्रेणीगुण म्हणजे किती टक्के? कोणी १० ने गुणतो, कोणी सीबीएसईच्या दहावीसाठीचा ९.५ चा गुणक लावतो. दोन्ही चूक. रूपांतराचे सूत्र त्या त्या विद्यापीठाचे असते आणि बहुधा गुणपत्रकाच्या मागे छापलेले असते. तिथे नसेल तर उमेदवाराकडून विद्यापीठाचे रूपांतर प्रमाणपत्र मागवा. आणि ४९.६ म्हणजे ५० नव्हे. राखीव प्रवर्गाची सवलत लागू होत असेल तर ती लावा आणि तसे लिहा. मनाने पूर्णांक करू नका.

बी.एड. खरोखर बी.एड. आहे का

इथे तारखा फार मदत करतात. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनुसार २०१५-१६ पासून नियमित बी.एड. दोन वर्षांचे झाले. त्याआधीचे एक वर्षाचे बी.एड. पूर्णपणे वैध आहे, त्याला कमी लेखू नका. पण "बी.एड., २०१७-१८" अशी एकाच वर्षाची नोंद दिसली तर प्रवेशाचे वर्ष विचारा. या नियमांत अभ्यासक्रमाला ८० टक्के आणि शाळेतील आंतरवासितेला ९० टक्के उपस्थिती लागते. त्यामुळे त्याच दोन वर्षांत दुसऱ्या गावच्या शाळेतली पूर्णवेळ नोकरी दाखवली असेल तर दोन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत. दूरशिक्षणाने बी.एड. झालेल्या सेवेतल्या शिक्षकांचे मात्र वेगळे असते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या बी.एड.ला नोकरी आणि पदवी एकाच काळात दिसणे अगदी स्वाभाविक आहे.

परराज्यातल्या कॉलेजचे बी.एड. असेल तर एनसीटीईच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत ते कॉलेज शोधा. नुसते नाव सापडून पुरत नाही. मान्यता बी.एड.ला होती का आणि उमेदवाराच्या प्रवेशवर्षी होती का, हे बघावे लागते. एखाद्या संस्थेला डी.एल.एड.ची मान्यता असते, बी.एड.ची नसते. बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी आहे, ती इथे चालत नाही. आणि "बी.एड. अपीअर्ड" म्हणजे अर्ज करण्याच्या शेवटच्या तारखेला पात्रता नव्हती. जाहिरातीत वेगळी तारीख दिली नसेल तर हीच तारीख धरायची.

टीईटीचा कागद

टीईटी राज्यात २०१३ पासून होते आणि ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के म्हणजे १५० पैकी ९० गुण लागतात, राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. प्रमाणपत्राची मुदत पूर्वी सात वर्षे होती. २०२१ मध्ये केंद्राने ती आजीव केली, तीही २०११ पासूनच्या प्रमाणपत्रांसाठी. त्यामुळे २०१३ चे प्रमाणपत्र "मुदत संपली" म्हणून बाद करू नका. तसे अजूनही अधूनमधून होते.

उलट जानेवारी २०२० मध्ये झालेल्या परीक्षेचे प्रमाणपत्र आले तर थोडे थांबा. त्या परीक्षेत गुण वाढवल्याचा गैरप्रकार उघडकीस आला आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर परिषदेने २०२२ मध्ये कारवाई केली. म्हणजे कागद अस्सल दिसला तरी मागचा निकाल रद्द झालेला असू शकतो. त्या वर्षीचे सगळे उमेदवार संशयित आहेत असे नाही, प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेले पुष्कळ आहेत. पण बैठक क्रमांक परिषदेकडून पडताळून घेतल्याशिवाय या ओळीत "हो" लिहू नये. सीटीईटीचे काम सोपे आहे. तिची गुणपत्रके डिजिलॉकरमध्ये मिळतात. उमेदवाराला तिथूनच कागद काढून द्यायला सांगा.

पेपर १ बद्दल एक गोष्ट. २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने एनसीटीईने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठीही पात्र ठरवले होते. त्यामुळे त्या काळात बऱ्याच बी.एड. उमेदवारांनी पेपर १ दिला. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग बंद केला. बायोडेट्यात "बी.एड., टीईटी" दिसते तेव्हा मागे पेपर १ असण्याची शक्यता यामुळे बरीच वाढली आहे.

एक बायोडेटा शेवटपर्यंत तपासू

समजा आलेला बायोडेटा असा आहे. बी.एस्सी. रसायनशास्त्र, २०१४, प्रथम वर्ग. एम.एस्सी., २०१६. बी.एड., २०१८, ७१ टक्के. टीईटी उत्तीर्ण. अनुभव: जून २०१६ ते एप्रिल २०१९ एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिक्षिका, जून २०१९ पासून खासगी क्लासमध्ये आठवी ते दहावीला गणित. शिवाय एमएस-सीआयटी, मराठी टंकलेखन आणि "करिअर ऑब्जेक्टिव्ह"चा पाच ओळींचा परिच्छेद. तो वाचला नाही तरी चालतो.

आपल्या कागदावर तीनच उत्तरे असतात: हो, नाही, विचारा. पदवी बी.एस्सी. आहे, हो. पदवीचे टक्के दिलेले नाहीत, विचारा. बी.एड. आहे, पण नियमित की दूरशिक्षण हे कळत नाही, आणि २०१६ ते २०१८ याच काळात पूर्णवेळ नोकरी दिसते, विचारा. टीईटीचा पेपर, विषयगट, वर्ष काहीच नाही, विचारा. शाळेतल्या अनुभवाचे स्वरूप स्पष्ट नाही, विचारा. माध्यमाचा उल्लेख नाही. दहावी किंवा बारावी मराठी माध्यमातून झाली का, तेही विचारा.

म्हणजे एवढ्या भरगच्च बायोडेट्यात निश्चित "हो" एकच निघाले, आणि "नाही" एकही नाही. असा अर्ज बाजूला टाकायचा नसतो आणि निवडीच्या गठ्ठ्यातही घालायचा नसतो. उमेदवाराला एकच संदेश पाठवा आणि त्यात नेमके कागद मागा:

"नमस्कार मॅडम. आपल्या अर्जाच्या छाननीसाठी पुढील प्रती पाठवाव्यात: बी.एस्सी.ची तिन्ही वर्षांची गुणपत्रके, बी.एड.ची दोन्ही वर्षांची गुणपत्रके, टीईटीचे गुणपत्रक व प्रमाणपत्र, दहावी-बारावीची माध्यम दर्शवणारी कागदपत्रे आणि २०१६ ते २०१९ या काळातील अनुभव प्रमाणपत्र (नेमणूक पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर, याच्या उल्लेखासह)."

"सर्व मूळ कागदपत्रे पाठवा" असा मोघम निरोप दिला तर पन्नास पानांची फाइल येते आणि हवा तो कागद त्यात नसतो.

समजा कागद आले. बी.एस्सी.ची एकूण बेरीज ५७.८ टक्के भरते. "प्रथम वर्ग" शेवटच्या वर्षावरचा होता. अट ५० ची आहे, म्हणून ही ओळ "हो". प्रथम वर्षाला गणित होते, ही जमेची नोंद. बी.एड. नियमित, दोन वर्षांचे, मेथड विज्ञान आणि मराठी. जाहिरातीत मेथडची अट नाही, म्हणून "हो", पण शेजारी लिहा: गणिताची मेथड नाही. माध्यम मराठी, "हो". अनुभव प्रमाणपत्रात जून २०१८ पर्यंत घड्याळी तासिकेवर आणि त्यानंतर पूर्णवेळ असे आहे. म्हणजे नियमित बी.एड.शी नोकरीचा मेळ का बसत नव्हता, ते उलगडले. पूर्णवेळ शालेय अनुभव तीन वर्षांचा नसून साधारण दहा महिन्यांचा आहे. क्लासचा अनुभव वेगळ्या ओळीत लिहा. जाहिरातीत "शाळेतील" हा शब्द असल्यामुळे तो प्राधान्यात मोजता येत नाही.

आणि टीईटीच्या गुणपत्रकावर पेपर १ आहे.

इथे छाननी संपते. उत्तर "नाही". एम.एस्सी. आहे, बी.एड.ला ७१ टक्के आहेत, क्लासमध्ये गणित शिकवून हात बसलेला आहे, यातले काहीही ही ओळ भरून काढत नाही. शेऱ्यात "अपात्र" एवढेच न लिहिता "टीईटी पेपर २ (गणित-विज्ञान) नाही, सादर केलेले प्रमाणपत्र पेपर १ चे" असे पूर्ण लिहा. पुढे उमेदवाराने विचारले, शाळा समितीने विचारले किंवा शिक्षणाधिकारी कार्यालयाने फाइल मागवली तर तीच ओळ कामाला येते.

हाच बायोडेटा फेकून मात्र देऊ नका. नववी-दहावीच्या शिक्षकाची पात्रता एनसीटीईच्या १२ नोव्हेंबर २०१४ च्या विनियमांत आहे: पदवी किंवा पदव्युत्तर पदवी यांपैकी एकीला किमान ५० टक्के आणि बी.एड. टीईटीची अट त्यांत नाही. म्हणजे याच शाळेत नववी-दहावीच्या विज्ञानाची जागा निघाली आणि जाहिरातीत तेवढेच मागितले, तर याच कागदांवर या उमेदवार पात्र ठरतात. अकरावी-बारावीला मात्र त्या विषयातली पदव्युत्तर पदवी किमान ५० टक्क्यांनी लागते. तिथे एम.एस्सी.चे गुणपत्रक प्रथमच कामाचे ठरेल, आणि ते आपण अजून मागवलेलेही नाही.

छाननीचा तक्ता भरून झाला की खाली तारीख घाला आणि तपासणाऱ्याची सही घ्या. शक्य असेल तर "नाही" आणि "विचारा" असलेले अर्ज दुसऱ्या माणसाकडून एकदा बघून घ्या. पन्नासाव्या अर्जापर्यंत डोळे शिणलेले असतात आणि पेपर २ चा विषयगट नेमका तेव्हाच निसटतो. मूळ कागदपत्रे नेमणुकीचा आदेश देण्याआधी बघायची. छायाप्रतींवर आदेश काढून "मूळ प्रती रुजू होताना आणा" असे केले, आणि नंतर गट सामाजिक शास्त्राचा निघाला, तर जून महिन्यात वर्गावर शिक्षक नसतो आणि जाहिरात पुन्हा द्यावी लागते.